सुवर्णाताईंची अर्धी वाक्यं

आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो, म्हणजे शिव्या कोणाला घालायच्या ते शोधत बसायला नको. मी महेश. इंदिरानगरमध्ये पिठाच्या गिरणीच्या वर आमचं भाषांतराचं ऑफिस आहे. गेली चौदा वर्षं तिथे फायली घेणं, वाटणं, तपासणं आणि पाठवणं हे माझं काम. मला फ्रेंच येत नाही, जर्मन येत नाही, इंग्रजी पोटापुरतं येतं. तोंड मात्र आहे आणि ते बंद राहत नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं अर्धं मी बोलून टाकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आमची आई म्हणते ते माझ्याचसाठी.

आता सुवर्णाताई. वय चोपन्न. मखमलाबादकडे त्यांच्या भावांची शेवंती आणि गुलाबाची शेती आहे. ताई आणि त्यांची आई सिंधुबाई इंदिरानगरात दोन खोल्यांत राहतात. ताई लहानपणापासून बोलताना अडखळतात. पहिलं अक्षर अडकलं की डावा हात मांडीवर घट्ट दाबतात, डोळे मिटतात, आणि मग सावकाश वाक्य बाहेर येतं. म्हणजे समोरच्याने थांबायची तयारी ठेवली तर. पण थांबतंय कोण इथे? एकदा रिक्षात बसून "पं... पं..." करत होत्या, तर रिक्षावाल्याने "पंचवटी ना ताई? बसा बसा" म्हणत गाडी हाणली. त्यांना जायचं होतं पंडित कॉलनीत. पंचवटीत उतरल्या आणि चालत परत आल्या. त्याला काही बोलल्या नाहीत. बोलायला गेल्या असत्या तर तेही वाक्य त्यानेच पुरं केलं असतं.

कॉलेजात असताना त्यांना फ्रेंचचा नाद लागला. पुण्याला जाऊन परीक्षा दिल्या, नाशिकला येऊन एका शाळेत अकरा वर्षं शिकवलं. वर्गातली पोरं त्यांना हसायची नाहीत, हे त्या मुद्दाम सांगतात. पोरांना सवय होते. सवय झाली नाही ती पालकांना. "ज्यांना स्वतःला बोलता येत नाही त्या आमच्या मुलांना भाषा काय शिकवणार?" असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं, दोघातिघांनी माना हलवल्या आणि शाळेने ताईंना परीक्षेच्या पेपरांचं काम दिलं. वर्ग काढून घेतला. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. सिंधुबाई अजून चिडतात. "बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," असं त्या मला दर भेटीत ऐकवतात. जणू मीच त्या मीटिंगमध्ये होतो.

मग ताई आमच्याकडे आल्या. कॅनडाला निघालेल्या लोकांचे जन्मदाखले, लग्नाचे दाखले, पोलिसांचे दाखले, सगळे त्यांच्याकडे. दहा वर्षं त्यांनी लोकांच्या जन्मतारखा फ्रेंचमध्ये केल्या. मी विचारायचो, "ताई, कंटाळा येत नाही का हो?" त्या म्हणायच्या, "द... दाखल्यात माणूस बोलत नाही." बास, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी क्लेर नावाच्या एका फ्रेंच संशोधक बाईचं काम आलं. विषय असा की म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणाऱ्या, उचलून बसवणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या बायकांना कामात दुखापत होते, पण त्या नोंदवत नाहीत. का नोंदवत नाहीत? यावर मुलाखती. मुलाखती फ्रेंचमध्ये. क्लेरचे दुसऱ्या देशातले सहकारी इंग्रजीवर काम करणारे, म्हणून इंग्रजी भाषांतर हवं होतं. एक मुलाखत नमुन्यादाखल करायची. ती जमली तर उरलेल्या चाळीस मुलाखती, तीन वर्षं, सगळ्या ताईंच्या. अहवालात भाषांतरकार म्हणून त्यांचं नाव. ज्या बाईला बोलता येत नाही म्हणून वर्गाबाहेर काढलं, तिच्या हातात चाळीस बायकांचं बोलणं येणार होतं. ताईंनी त्या दिवशी ऑफिसात येऊन कामाचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "मी करते."

या कामात एक अट होती. नुसता अर्थ नको. बाई कुठे अडखळली, कुठे "अं" म्हणाली, तोच शब्द दोनदा कुठे आला, गप्प किती सेकंद राहिली, कोणी कुठे तिचं बोलणं तोडलं, दोघी एकाच वेळी कुठे बोलल्या, हे सगळं खुणांनी इंग्रजीतही जसंच्या तसं दाखवायचं. गप्प राहण्याचे सेकंद कंसात आकड्याने. बोलणं मध्येच तुटलं तर त्या जागी आडवी रेघ. दोघी एकदम बोलल्या तर दोन्ही ओळींत चौकोनी कंस उघडायचा, आणि मध्ये जागा सोडून सोडून वरचा कंस आणि खालचा कंस बरोबर एकाखाली एक आणायचा, म्हणजे कोणत्या अक्षरावर दुसरी घुसली ते डोळ्यांना दिसतं. फ्रेंचमधल्या ओळ क्रमांक दोनशे बाराचं बोलणं इंग्रजीतही दोनशे बारावरच हवं.

मी म्हणालो, "ताई, हे काय विणकाम आहे?"

"ह्यातच सगळं आहे," त्या म्हणाल्या. एकदाही न अडखळता.

नमुन्याच्या मुलाखतीत तीन माणसं होती. प्रश्न विचारणारी क्लेर. काम करणारी बाई, जिचं नाव गुप्त ठेवायचं म्हणून तिला नुसतं "एन" म्हटलं होतं. आणि तिची वरची बाई, "आर". मुलाखत एनच्या कंपनीच्या ऑफिसात झाली आणि ही आर "सहज" येऊन शेजारी बसली. बसली ती बसली, दर दोन मिनिटांनी मध्ये तोंड घालत होती. माझ्याच जातकुळीतली म्हणा ना.

ताई कानाला हेडफोन लावून ध्वनिफीत ऐकायच्या, एकेक ओळ वीस वीस वेळा. एका जागेवर त्या अख्खी सकाळ अडल्या, तेव्हा मी दुसऱ्या कामाने त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला ती जागा समजावून सांगितली. एन सांगत होती की एका जड म्हाताऱ्या बाईला तिने एकटीने टबमधून उचललं आणि पाठीत चमक भरली. म्हणजे ते सांगायच्या बेतात होती. क्लेरने विचारलं, तुम्हाला दुखापत झाली? एन म्हणाली "अं", मग "मी", मग पुन्हा "मी ते नाही", आणि तिथेच आर घुसली: "नाही नाही, अपघात वगैरे काही झालेला नाही." फ्रेंचमध्ये "ते" आणि "नाही" आधी येऊन गेले होते, क्रियापद यायचं राहिलं होतं. इंग्रजीत "ते" क्रियापदाच्या नंतर येतं, त्यामुळे ते लिहायला जागाच उरत नाही. लिहायचं तर फक्त "आय डिडन्ट" आणि पुढे आडवी रेघ.

"मी ते नोंदवलं नाही, असं म्हणायचं होतं ना तिला?" मी पटकन म्हणालो. "मग तेवढं लिहून टाका की. शेंबड्या पोरालाही कळेल."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

"ती म्हणाली नाही," त्या म्हणाल्या. "तिला म्हणू द... दिलं नाही. मी कशी म्हणू?"

मग त्यांनी मला ध्वनिफीत ऐकवली. फ्रेंच मला कळत नाही, पण त्या बाईचा आवाज तुटला ते कळलं. आरचं "नाही नाही" तिच्या "नाही"वरच येऊन बसलं होतं. आणि पुढे शांतता. दोन पूर्णांक आठ सेकंद. दोन पूर्णांक आठ सेकंद म्हणजे किती, हे कोणाला हसत सांगू नये. घड्याळ लावून गप्प बसून पाहावं.

ताईंनी तिथे आडवी रेघ दिली, कंस जुळवले, आणि बाजूला शेरा टाकला की "ते" हा शब्द मुळात उच्चारला गेला आहे, क्रियापद उच्चारलेलं नाही, वाक्य पुरं करू नये. फाईलच्या अगदी वरच्या ओळीलाही त्यांनी एक शेरा जोडला होता: या फाईलवर ऑफिसची सफाई चालवू नये, खुणा मोडतील. हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

आता ही सफाई काय ते सांगतो, कारण ते माझं बाळ आहे. आमच्याकडे स्कॅन करून आलेले दाखले असतात, त्यांत नाही नाही तो कचरा येतो. म्हणून मी कॉम्प्युटरवर एक आज्ञावली बनवली होती. एक बटण दाबलं की जास्तीच्या मोकळ्या जागा जातात, जोडी नसलेले कंस जातात, लागोपाठ दोनदा आलेला शब्द एकदाच उरतो, ओळीच्या टोकाला लटकणारी आडवी रेघ जाते, जिथे पूर्णविराम नाही तिथे पूर्णविराम बसतो, आणि सगळ्यात शेवटी बाजूचे शेरे पुसले जातात. अर्ध्या दिवसाचं काम चार सेकंदांत. ऑफिसात तिला "झाडू" म्हणायचे. झाडू मारल्याशिवाय आमच्याकडून फाईल बाहेर जात नसे, हा नियम. नियम मीच केलेला, आणि त्याचा मला केवढा माज होता!

गुरुवारी ताईंची फाईल आली. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. ताई कधी फोन करत नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी एका हाताने दुसऱ्या कोणाचं तरी पाकीट चिकटवत होतो.

"महेश, ती फाईल प... पाठवताना..."

"हो हो ताई, पाठवतो ना, आत्ताच पाठवतो! काळजीच करू नका." आणि फोन ठेवला.

त्यांनी परत केला नाही. का केला नाही ते मी पुढे विचारलं, तर मेसेजवर लिहिलं, मला वाटलं तुला माहीत आहे.

मी फाईल उघडली. मोकळ्या जागा किती, कंस किती, रेघा किती! मनात म्हणालो, ताईंनी काय पसारा करून ठेवलाय. शेरे वाचले नाहीत. बटण दाबलं. चार सेकंद. फाईल अशी स्वच्छ झाली की मला बरं वाटलं. पाठवून दिली आणि कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाल्ली.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. क्लेर त्या काळात आजारी होती, रजेवर होती, आणि तिच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी फाईल जशी आली तशी घेतली. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, ते तरी काय करणार? त्यांच्यासमोर एक नीटनेटकी मुलाखत होती. एक बाई विचारते, तुम्हाला दुखापत झाली का. दुसरी म्हणते, "आय डिडन्ट", म्हणजे नाही झाली. पूर्णविराम. मग तिसरी अदबीने म्हणते, नाही नाही, अपघात वगैरे काही झालेला नाही. दोन पूर्णांक आठचा आकडा शिल्लक होता, पण इतक्या साफ उत्तरानंतर तो आकडा कोण बघतो? एकाखाली एक आणलेले कंसच गेले तर कोण कोणावर चढून बोललं ते कळणार कसं? अहवालाच्या मसुद्यात एनचं ते वाक्य तक्त्यात गेलं. रकान्याचं नाव: दुखापत झाली नसल्याचं स्वतः सांगणाऱ्या.

त्या संशोधनात अशी पद्धत होती की ज्या बायकांची वाक्यं छापायची, त्यांना ती आधी पाठवायची. एनला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या मुलीला येत होतं. मुलीने आईला वाचून दाखवलं.

क्लेरचा मेल आला तो सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागला. तिने लिहिलं होतं की त्या बाईची पाठ सहा वर्षांपासून कामातून गेलेली आहे, पट्टा बांधून ती काम करते, आणि सहा वर्षांत तिला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं म्हणून ती बोलायला तयार झाली होती. आता तिने तीन ओळींचं पत्र पाठवून संमती मागे घेतली आहे. खाली क्लेरने विचारलं होतं: भाषांतरात खुणा का नाहीत?

मी सरांकडे, म्हणजे ऑफिसच्या मालकांकडे गेलो. सर म्हणाले, ऑफिसची चूक म्हणून लिहिलंस तर ऑफिस गेलं, बाकीच्यांचं काय करायचं ते तू बघ. मी बघितलं. जागेवर येऊन बसलो आणि लिहिलं की भाषांतरकाराकडून खुणांच्या बाबतीत अनवधान झालं, आम्ही दिलगीर आहोत. माझ्या हाताने लिहिलं. कोणी बंदूक धरली नव्हती. लिहून झाल्यावर पाणी प्यायलो, आणि मला स्वतःची किळस आली, हे सांगतो. पण मेल परत काही बोलावला नाही.

क्लेरचं उत्तर दोन ओळींचं होतं. उरलेल्या चाळीस मुलाखती आता मशीनकडून करून घेणार, ते अशीच चूक करतं पण निदान लवकर करतं. आणि दुसरी ओळ: संमती मागे घेतल्यामुळे नियमानुसार एनच्या मुलाखतीच्या सर्व प्रती, ध्वनिफीत, फ्रेंच, इंग्रजी, सगळं नष्ट करावं, आणि ज्या ज्या व्यक्तीकडे प्रत आहे तिने सहीनिशी तसं कळवावं.

बरोबर असलेली इंग्रजी प्रत जगात एकच उरली होती. ताईंच्या कॉम्प्युटरवर. आणि तीच पुसायला सांगण्यासाठी मी गेलो.

दार सिंधुबाईंनी उघडलं. "या, बोलणारे आले," म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. ताई टेबलाशी होत्या. चाळीस मुलाखतींसाठी त्यांनी एक वही केली होती. त्यात फ्रेंच बायका अडखळताना काय काय आवाज काढतात आणि त्यातला कोणता इंग्रजीत कसा लिहायचा, याची यादी होती. पहिली चार पानं भरलेली. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, एकदा, मग परत एकदा.

"पण म... माझ्या फायलीत खुणा आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "हो."

त्यांनी फाईल उघडून मला दाखवली. दोनशे बारावी ओळ. रेघ होती. कंस एकाखाली एक होते, सुईत दोरा ओवल्यासारखे. बाजूचा शेरा होता: वाक्य पुरं करू नये. सगळ्यात वरचाही शेरा होता, सफाई चालवू नये. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

"हे क्लेरला पाठवलं तर?" त्यांनी विचारलं.

"नाही पाठवता येणार, ताई. त्या बाईने परत घेतलं. आता ते तिचं आहे. आपण ठेवलं तरी चोरी."

हे ताईंना पटलं. मी सांगतो, मला वाटलं होतं त्या भांडतील, निदान रडतील. पण हे त्यांना पटलं. त्या बाईला "नको" म्हणायचा हक्क आहे, आणि ते "नको" तरी तिने पूर्ण म्हटलं आहे, त्यात आपण हात घालायचा नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी हेडफोन कानाला लावले. ती जागा एकदा ऐकली. शांततेच्या वेळी त्यांचे ओठ मिटलेले होते. मग हेडफोन काढून त्यांनी ध्वनिफीत पुसली, फ्रेंच पुसलं, इंग्रजी पुसलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? त्यांनी हो दाबलं.

सही करायला पेन उचललं आणि त्या थांबल्या. डावा हात मांडीवर दाबला, डोळे मिटले.

"महेश, त्या बाईला व... व..."

आणि मला ते सहन झालं नाही. देवाशप्पथ सांगतो, नाही सहन झालं. "ताई, चूक माझी आहे!" मी ओरडलोच. "मी झाडू मारला. तुमचा शेरा वाचला नाही. तुमचा फोन मी तोडला. आणि क्लेरला मी लिहिलं की चूक तुमची. मी लिहिलं, ताई, माझ्या हाताने लिहिलं!" धबाधबा सगळं बोललो. आतून सिंधुबाई चहाचं भांडं हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

ताईंनी डोळे उघडले. मांडीवरचा हात उचलला. कागदावर सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही काय म्हणत होता ताई? त्या बाईला काय?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

मी चहा न घेता निघालो. सिंधुबाईंनी घ्या म्हटलंही नाही. परत येऊन मी क्लेरला खरं काय ते लिहिलं, सरांना न विचारता. तिचं उत्तर आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. एनची मुलाखत आता कुठेच नाही, चाळीस मुलाखती मशीनकडे गेल्या, आणि त्यात कोणाचं काय तुटलं ते बघायला तिकडेही कोणी नसेल.

ऑफिस चालू आहे. झाडू चालू आहे, दाखल्यांना लागतो. ताई अजून आमच्याकडे आहेत. कॅनडाला जाणारे काही कमी होत नाहीत. मी आता वाक्यं पुरी करायची सोडली आहेत, बायकोसुद्धा म्हणते, तुला झालंय काय. फोनवर ताई थांबल्या तर मी पाच मिनिटंही थांबेन, दहा मिनिटं थांबेन. पण ताई फोन करत नाहीत. कधी भेटल्या तरी मान हलवतात. काय असेल ते मेसेजवर लिहून पाठवतात. फाईल पाठवली आहे. दाखला मिळाला. उद्या येणार नाही. सगळी वाक्यं पूर्ण असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम असतो.